टिंबाचाही दाब मोजतात

युडीन ग्रीनिजच्या गल्ल्यापुढची रांग सुपरमार्केटात सगळ्यात लांब असायची, आणि तरी मी तिच्याच रांगेत उभी राहायची, कारण ती रांग सरकायची. बाजूच्या गल्ल्यांवरच्या पोरी आधी डब्यावरची किंमत बघायच्या, मग बटणं बघायच्या, मग चुकलं म्हणून जीभ चावून पुन्हा डबा बघायच्या. युडीन बटणांकडे बघतच नसे. डावा हात डबे पुढे सरकवतोय, डोळे किमतीच्या चिठ्ठीवर, तोंड गिऱ्हाइकाशी गप्पा मारतंय, आणि उजवा हात त्या सगळ्यांशी काही देणंघेणं नसल्यासारखा आपला आपण चाललेला.

"मिस ओडल, पाव आज शिळा आहे, उद्याचा घ्या," असं ती हळूच म्हणायची, आणि तेवढ्यात माझं अर्धं सामान पलीकडे गेलेलं असायचं.

मग दुकानाच्या मालकाने अमेरिकेहून नवीन यंत्रं आणली. डब्यावरच्या काळ्या रेघा काचेवरून फिरवायच्या, यंत्र टुक करतं, किंमत आपोआप उमटते. पहिल्या आठवड्यात सगळं ब्रिजटाऊन शहर ते टुक ऐकायला आलं. मीही गेले. युडीन गल्ल्यावर नव्हती. ती गल्ल्याच्या टोकाला उभी राहून पिशव्या भरत होती, आणि यंत्रापाशी बसली होती शरीस नावाची पोर, जिला दोन वर्षांपूर्वी युडीननेच बोटं कुठे ठेवायची ते शिकवलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"बढती," युडीन म्हणाली. "आता मला सगळं सामान जवळून बघायला मिळतं."

शरीस कानकोंडी होऊन हसली. युडीन हसली नाही. अंडी वर, बटाटे खाली, अशी पिशवी भरून तिने माझ्या हातात दिली आणि आवाज उतरवून म्हणाली, "मालक म्हणतो, एक तारखेपासून कायम इथेच. तासही कमी. मला शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. तुमच्या ऑफिसात बोटांना काही काम आहे का हो?"

आमच्या ऑफिसात बोटांनाच तर काम होतं. बंदराजवळच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक लांबलचक थंडगार दालन, त्यात ओळीने पडदे आणि कीबोर्ड, आणि प्रत्येकापुढे एक बाई. मायामीहून विमानाने खोकी यायची. खोक्यांत वापरून झालेल्या विमान तिकिटांची पानं. त्यांवरचे आकडे, म्हणजे तिकिटाचा क्रमांक, तारीख, भाडं, कर, आम्ही संगणकात भरायचो. नुसते आकडे, दिवसभर. बायका मात्र बँकेत निघाल्यासारख्या नटून यायच्या, इस्त्रीचे स्कर्ट, उंच टाचा, मोत्यांच्या कुड्या. तिकिटांना काय कळतंय? पण बसस्टॉपवरच्या लोकांना कळायचं.

मी तिथे परीक्षा घेणारी. नव्या बाईला खुर्चीत बसवायचं, कागद द्यायचा, घड्याळ लावायचं. हे काम मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. बटणं दिसू नयेत म्हणून कीबोर्डवर रुमाल टाकून मी स्वतः शिकले होते, आणि ज्याला रुमाल टाकून शिकावं लागलं त्याला दुसऱ्याच्या बोटांची कीव जरा जास्त येते.

मी मिस्टर होल्डरना सांगितलं. आमचे साहेब. उंच, अंगाने वाळके, पट्ट्याला सतत वर ओढणारे.

"वय?"

"सत्तेचाळीस."

"ओडल, बाई चांगली असेल. पण इथे शाळेतून नुकत्याच निघालेल्या पोरी येतात. त्यांची बोटं बघ."

"मी रोज तीच बघते. म्हणूनच म्हणतेय."

त्यांनी पट्टा ओढला. "परीक्षा सगळ्यांना सारखी. तासाला दहा हजार दाब, निव्वळ. दोन संधी. दोन्ही गेल्या तर सहा महिने तोंड दाखवायचं नाही. तुझी मैत्रीण म्हणून एक दाबही सोडणार नाही."

"सोडू नकाच," मी म्हणाले. मला वाटलं होतं, बाजी जिंकलेलीच आहे.

मंगळवारी दुपारी युडीन आली. चर्चला घालायचा निळा झगा, डोक्याला घट्ट बसवलेले केस, हातात पर्स अशी धरलेली की जणू आतून काही उडून जाईल. दालनातून जाताना सगळ्या माना वळल्या. शर्ला तर खुर्चीसकट वळली. शर्लाचं नाव वेगाच्या फळ्यावर गेले चार महिने सगळ्यात वर होतं आणि तिची जीभ त्याहूनही वर.

"आंटी, भाजी तोलायची खिडकी खाली आहे," ती म्हणाली.

"तिथूनच आले, बाळ," युडीन म्हणाली. "तुझ्या आईने घेतलेल्या रताळ्यांचे सुटे परत द्यायचे राहिले होते."

ओळभर हशा झाला. शर्लाही हसली, पण चेहरा न हलवता.

मी युडीनला काचेच्या खोलीत बसवलं. चारपाचसहावर बोटं ठेवताना तिने पाचवरचा तो बारीक उंचवटा शोधला आणि मान हलवली, ओळखीचा माणूस भेटल्यासारखी. पहिलं बोट चारवर, मधलं पाचवर, तिसरं सहावर, अंगठा शून्याशी, करंगळी उजवीकडच्या लांब बटणाशी. त्या बटणाने ओळ संपते. तिच्या गल्ल्यावर त्याच जागी किराणा, मांस, दूध अशी बटणं होती, त्यामुळे करंगळीला काही नवं नव्हतं. सगळं तेच, फक्त पैसे दिसत नव्हते.

"पाच मिनिटं," मी सांगितलं. "कागदावरची ओळ जशी आहे तशी. चुकलं तर ओळ संपवायच्या आत मागे येता येतं. ओळ संपवली की झालं, परत जाता येत नाही. सुरू."

आणि तिने जे सुरू केलं ते ऐकून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. आवाजात खाचखळगे नव्हते. नवख्या पोरी मारतात तसे फटाके नव्हते, पत्र्यावर सतत पडणाऱ्या बारीक सरींसारखा एकसंध आवाज होता. काचेपलीकडे दोघींनी हात थांबवून इकडे पाहिलं. युडीनची नजर कागदावर, पाठ ताठ, चेहऱ्यावर काही नाही. पाच मिनिटं झाली तेव्हा मला टाळी वाजवावीशी वाटली.

छापयंत्रातून पट्टी बाहेर आली. एकूण दाब तासाला बारा हजार नऊशे साठ. मी हसले. मग खालची ओळ वाचली. निव्वळ, सहा हजार तीनशे.

मी पट्टी उलटी करून बघितली. उलटी बाजू कोरी होती.

"काय झालं?" युडीनने विचारलं.

मी चुकलेल्या ओळी काढल्या. पडद्यावर त्या लाल अक्षरांत येत. तिकिटांचे क्रमांक सगळे बरोबर, एकही चूक नाही. भाडी सगळी चूक. कागदावर दोनशे चौदा, टिंब, पन्नास. तिने भरले होते एकवीस हजार चारशे पन्नास. खाली तसंच. आणि त्याच्या खाली कागदावर तीनशे आठ, टिंब, शून्य शून्य, तिने भरले तीन हजार ऐंशी.

"टिंब कुठे आहेत?" मी म्हणाले.

"कसली टिंबं?"

"भाड्यातली."

युडीनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की श्वास का घेतला. "टिंब यंत्र घालतं ना."

तेव्हा मला कळलं आणि मी कपाळावर हात मारला. गल्ल्याचं यंत्र शेवटचे दोन आकडे आपणहून सेंट धरतं. वीस वर्षांत युडीनने टिंबाचं बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. त्या बटणाला तिच्या हाताने कधी पाहिलंच नव्हतं. आणि तिच्या गल्ल्यावर दोन शून्यांचं एक वेगळं बटण होतं, अंगठ्याखाली, एकदा दाबलं की दोन शून्यं. आमच्या कीबोर्डवरचं शून्य रुंद आहे, दोन बटणांएवढं. तिच्या अंगठ्याने ते रुंद बटण बघितलं, आपलं जुनं दुहेरी शून्य समजलं, एकदा दाबलं आणि समाधानाने पुढे गेला. ही चूक शाळेतली कोणतीही पोर करू शकली नसती. ही चूक करायला वीस वर्षं गल्ल्यावर बसावं लागतं.

मिस्टर होल्डर दारात उभे होते. "किती?"

मी पट्टी दिली. त्यांनी खालचा आकडा वाचला आणि युडीनकडे बघून खरोखर वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "शुक्रवारी दुसरी संधी. बाई, मन खट्टू करू नका." ते वाईट माणूस नव्हतेच. वाईट असते तर सोपं झालं असतं.

खाली रस्त्यावर आम्ही मासळीच्या वड्या घातलेला पाव घेऊन भिंतीवर बसलो. युडीनने एक घास घेतला आणि पाव कागदावर ठेवला.

"सहा हजार," ती म्हणाली. "म्हणजे निम्मा हात."

"हात पुरा आहे. मोजणी तुला माहीत नव्हती."

"मग सांगा ना मोजणी."

मी सांगितली. आमच्याकडे दाब मोजतात. प्रत्येक बटण एक दाब, मग ते पाच असो, शून्य असो, टिंब असो की ओळ संपवण्याचं लांब बटण असो. मागे येण्याचं बटण मात्र मोजत नाहीत, खोडलेला आकडाही नाही. तिथे वेळ तेवढा जातो. पाच मिनिटांचे दाब बाराने गुणायचे की तासाचे झाले. आणि ओळीत एक जरी आकडा चुकला तरी त्या ओळीचे सगळे दाब वजा. दोनशे चौदा टिंब पन्नास आणि लांब बटण, झाले सात. एक टिंब राहिलं तर सातच्या सात गेले, आणि तासाच्या हिशेबात चौऱ्याऐंशी.

युडीनने बोटांवर ते सात दाब मोजून पाहिले. एक व्हॅन कर्कश गाणं वाजवत गेली.

"गंमत बघा," ती म्हणाली. "गल्ल्यावर माझी हुशारी काय होती? बटण वाचवणं. सहा डबे दुधाचे, तर सहा वेळा किंमत नाही मारायची, सहा, गुणिले, एकदा किंमत. शून्यं एका दाबात. टिंब नाहीच. जितकं कमी दाबाल तितकी रांग पळते. आणि तुमच्याकडे..."

"आमच्याकडे दाबायचेच पैसे."

"म्हणजे टिंब दाबलं तर ते माझ्याच खात्यात."

"तुझ्याच."

"आणि मी वीस वर्षं जे वाचवलं ते इथे..." ती एकदम हसायला लागली. हसताना तिने पाव उचलला आणि दोन घासांत संपवला. "बाई गं. काटकसर करून दिवाळं काढलं मी!"

ऑफिसात एक जुना कीबोर्ड पडला होता, तार तुटलेली, कुणालाच नको असलेला. तो मी मिस्टर होल्डरना विचारून घरी आणला. सराव करू नये असं आमच्या कुठल्याही नियमात नव्हतं, आणि परीक्षेचा कागद दर वेळी वेगळा असतो. बुधवारी संध्याकाळी युडीन माझ्या मागच्या ओसरीत बसली. मी जुन्या विमान भाड्यांचे आकडे लिहून दिले. मेलेला कीबोर्ड, पडदा नाही, बरोबर-चूक सांगणारं कुणी नाही. फक्त माझे कान.

पण कान पुरे होते. टिंबाचं बटण तिसऱ्या बोटाच्या खाली असतं, तीनच्या खालच्या ओळीत. सहावरून तिथपर्यंत बोटाला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. युडीनचं तिसरं बोट उतरायचं, पण उतरायच्या आधी विचार करायचं. तो विचार मला ऐकू यायचा. टक टक टक, थांबा, टक, थांबा, टक टक. रांग अडली की मागची माणसं घसा खाकरतात, तसं मला व्हायचं.

"पुन्हा," मी म्हणायची.

"माझं बोट काय म्हणतंय माहितेय? म्हणतंय, या वयात नवीन शेजारी कशाला?"

"त्याला सांग, भाडं शेजारी देतोय."

अंगठ्याचं लवकर जमलं. रुंद शून्यावर तो दोनदा आपटायला शिकला. अंगठे गरीब स्वभावाचे असतात. तिसरं बोट मात्र हट्टी. मी घड्याळ लावून मोजलं, टिंबासकट तिचा वेग सात हजारांवर आला होता. टिंब एकही सुटत नव्हतं, पण सात हजार. माझ्या आवाजात ते उतरलं असावं, कारण तिने न विचारता कीबोर्ड बाजूला सरकवला.

"शनिवारी मालकाला हो म्हणून टाकते," ती म्हणाली. "पिशव्या काही वाईट नसतात. त्या निदान परीक्षा घेत नाहीत."

मी उठले. आत जाऊन मॉबी आणली, ते कडूगोड पेय, दोन पेले. तिने घोट घेतला आणि समोरचा कागद नुसताच वाचू लागली, मोठ्याने, गल्ल्यावर गिऱ्हाइकाला बेरीज सांगायची तशा सुरात.

"दोनशे चौदा आणि पन्नास. तीनशे आठ आणि काही नाही. एकशे सत्तावीस आणि पंचाहत्तर..."

ती थांबली.

"मिस ओडल."

"काय गं?"

"मी 'आणि' म्हणतेय."

"हो. डॉलर आणि सेंट. सगळेच म्हणतात."

"अहो, पण तिथेच तर आहे ते टिंब!" तिने पेला जमिनीवर ठेवला आणि कीबोर्ड ओढून मांडीवर घेतला. "मी त्याला आकडा समजत होते. मधे घुसलेला आकडा. तो आकडा नाहीच. तो 'आणि' आहे. वीस वर्षं मी ते तोंडाने म्हणत आले, फक्त हाताने नाही म्हटलं."

आणि तिने सुरू केलं. "दोनशे चौदा *आणि* पन्नास." टक टक टक, टक, टक टक, टक. मधला टक आता अडखळत नव्हता, बोट बोलण्याबरोबर आपसूक उतरत होतं. एक पान झालं. दुसरं झालं. माझ्या मागच्या ओसरीतून 'आणि' 'आणि' असा जप चालला होता. शेजारची मिसेस बेस्ट कुंपणावरून डोकावली आणि विचारलं, "प्रार्थना चाललीय का?"

"अगदी मनापासून," मी म्हणाले.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाच्या आत ती अकरा हजारांवर होती. मी तिला आकडा सांगितला नाही. आकडा सांगितला की माणूस आकडा सांभाळतो, हात सोडून देतो.

शुक्रवारी दालनात मंगळवारपेक्षा जास्त शांतता होती, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्टर होल्डर या वेळी स्वतः काचेच्या खोलीत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. युडीनने तोच निळा झगा घातला होता. पर्स मात्र माझ्याकडे दिली.

कागद नवा होता आणि त्यात भाडी जास्त होती, क्रमांक कमी. मी पाहिलं, तिने पाहिलं. दोघींनीही पापणी लवू दिली नाही.

"सुरू."

"तीनशे सहा आणि चाळीस," युडीन पुटपुटली आणि हात निघाला. "एकशे ब्याण्णव आणि दहा..."

"बाई," मिस्टर होल्डर म्हणाले. "बोलायचं नाही. परीक्षेत बोलायचं नाही, नियम आहे."

हात थांबला.

नियम खरा होता. मीच तो दर वेळी वाचून दाखवायची, आणि त्या सकाळी घाईत तेवढा विसरले होते. घड्याळ चालू होतं. युडीनने ओठ मिटले आणि पुढची ओळ मारली, आणि ते मला ऐकू आलं. टक टक टक, थांबा, टक. तिसरं बोट पुन्हा विचार करू लागलं होतं. पुढची ओळ, पुन्हा थांबा. तिने एकदा मागे येण्याचं बटण दाबलं, खोडलं, पुन्हा भरलं. काचेपलीकडे शर्ला उभी होती, हात छातीवर बांधून, आणि तिने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, गेलं. पहिलं मिनिट गेलं होतं आणि त्यात फार थोडं जमा झालं होतं.

मग टेबलाखालून आवाज आला. ठक.

मी वाकून बघितलं नाही, पण कळलं. युडीनने उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकवली होती आणि बुटाचं टोक उचलून आपटत होती. टक टक टक, ठक, टक टक, टक. 'आणि' आता पायात उतरला होता. तोंड बंद, पाय बोलतोय. दोन ओळी तसं झालं, तीन ओळी, आणि चौथ्या ओळीपासून टिंबाचं बटण आणि बूट एकाच क्षणी वाजायला लागले, वेगळे ओळखू येईनात.

मिस्टर होल्डरनी पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. पाय वाजवू नये असा नियम आमच्याकडे नव्हता. त्यांनी पट्टा वर ओढला.

दुसरं मिनिट, तिसरं. आवाज घट्ट होत गेला. मंगळवारच्या सरी पुन्हा आल्या, पण त्यात आता ठेका होता. काचेपलीकडे एकेक बाई काम सोडून उठली. आमच्याकडे हात थांबला की फळ्यावरचं नाव खाली घसरतं, पैसे कापले जातात, हे प्रत्येकीला माहीत होतं, तरी उठल्या. कुणाच्या तरी टाचा नकळत त्याच ठेक्यावर वाजायला लागल्या. मग अजून एकीच्या. मला घड्याळाकडे बघायचं भान राहिलं नाही, ते स्वतःच वाजलं म्हणून बरं.

युडीनने हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

छापयंत्राला त्या दिवशी किती वेळ लागला ते मला विचारू नका. पट्टी आली. मिस्टर होल्डरनी ती माझ्या आधी ओढून घेतली. वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"ओडल, हे यंत्र नीट आहे ना?"

"काल तेलपाणी केलंय."

"एकूण तेरा हजार नऊशे वीस," ते म्हणाले.

"आणि निव्वळ?" मी विचारलं.

"तेच सांगतोय. निव्वळ तेरा हजार नऊशे वीस." त्यांनी पट्टी माझ्यापुढे धरली, कुणी त्यांना खोटं ठरवल्यासारखी. "एकही ओळ वजा नाही. पहिल्या मिनिटात अडखळूनसुद्धा."

काचेपलीकडच्या बायकांना शब्द ऐकू आले नसावेत, पण माझा चेहरा दिसला. मग जे झालं त्याला गोंधळ म्हणतात. टाळ्या, शिट्ट्या, कुणी तरी टेबल बडवतंय, कुणी "ग्रीनिज! ग्रीनिज!" म्हणून ओरडतंय. मिस्टर होल्डर "बायांनो, बायांनो" म्हणत दार उघडायला गेले आणि दार उघडल्याने गोंगाट आणखी आत आला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते लपवायला पट्टा ओढण्याचा काही उपयोग झाला नाही.

युडीन खुर्चीतच बसलेली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मिस ओडल, पहिलं मिनिट वाया गेलं नसतं तर?"

"तर काय?"

"तर किती झाले असते?"

"अगं बये! झालेले पुरेनात का तुला?"

"नाही, सहज विचारतेय," ती म्हणाली, आणि तिने पहिल्यांदाच फळ्याकडे पाहिलं. आमच्या फळ्यावर प्रत्येकीचं नाव आणि आठवड्याची सरासरी असते. सगळ्यात वर शर्ला, चौदा हजार दोनशे. युडीन तो आकडा असा बघत होती जसं कुणी उंच फांदीवरचा आंबा बघतं.

शर्ला दारात आली. तिने युडीनची नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावरचा रंग जरा बदलला. रागाचा नव्हे. चार महिने एकटीच पुढे धावणाऱ्या माणसाला मागून पावलं ऐकू आली की जसं होतं तसं.

"माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे," शर्ला म्हणाली. "थंड हवेचं तोंड माझ्याकडेच राहील, हे आधीच सांगते. आणि बूट असा आपटलात तर मला माझं काही ऐकू येणार नाही."

"मग तूही आपट ना," युडीन उठत म्हणाली. "कुणाचं नुकसान होतंय?"

"आंटी, मला पायाची गरज लागत नाही."

"ते सोमवारी कळेल, बाळ."

शर्ला मोठ्याने हसली, या वेळी सगळ्या चेहऱ्याने. मिस्टर होल्डर म्हणाले की पाळी सकाळी सातला सुरू होते, आणि युडीन म्हणाली की सातला फार उशीर होतो, सव्वासहाची प्रवासी व्हॅन घराजवळूनच जाते. मी तिची पर्स परत दिली. ती उघडून तिने आतून एक छोटी आरशाची डबी काढली, ओठांवर रंग ठीक केला, आणि सगळ्या दालनाच्या मधून, प्रत्येक टेबलाजवळून, घाई न करता चालत गेली. फळ्याशी पोचल्यावर खडू उचलून तिने सगळ्यात खाली, रिकाम्या ओळीत, स्वतःचं नाव लिहिलं. आकड्याची जागा मोकळी ठेवली.

"ते आम्ही लिहितो, बाई," मिस्टर होल्डर म्हणाले.

"लिहा ना," युडीन म्हणाली. "नाव तरी मला लिहू द्या. रांगेत उभं राहिल्याशिवाय पुढे कसं सरकायचं?"